भुसार गाळ्यासाठी पहिला प्रिंटर
थ्रीडी प्रिंटिंग घरच्या घरी : लेखांक ४

मार्केट यार्डच्या भुसार बाजारात गाळा असलेले माझ्या ओळखीचे एक व्यापारी गेल्या महिन्यात प्रिंटर घ्यायला निघाले. खिशात तीस हजार आणि हातात एक चिठ्ठी. पोत्याच्या तोंडाला अडकवायचे भावपाटीचे चिमटे, सुतळीच्या रिळाचा स्टँड, काट्याच्या डब्याचा तुटलेला खटका आणि २३० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद अशा नावाच्या पट्ट्या. दुकानदार मात्र ३०० मिलिमीटरच्या बेडचं मोठं यंत्र दाखवत होता. “उद्या मोठं काही करायचं झालं तर?” हा त्याचा ठरलेला प्रश्न.

चिठ्ठीत मोठं असं काही नव्हतंच. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की घनफळ आठपट होतं, आणि वेळ नि फिलामेंटही जवळपास त्याच चालीने वाढतात. नवखा माणूस अशा वस्तू फारशा छापत नाही. शिवाय स्वस्त यंत्रांत बहुधा बेडच पुढेमागे सरकतो. तो जितका जड, तितके वेगात छापताना हादरे जास्त, आणि ते कोपऱ्यांजवळ लाटांसारखे उमटतात. लांब पट्टीचं काय? ती तिरकी ठेवायची. १८० मिलिमीटरच्या चौकोनी बेडचा कर्ण सुमारे २५४ मिलिमीटर भरतो, त्यामुळे ही पट्टी त्यात बसते, पण जेमतेम. २२० च्या बेडवर ती ऐसपैस बसते. म्हणून २२० वर थांबायचं ठरलं.

बंदिस्त पेटीचं यंत्र दिसायला रुबाबदार. पेटी खरी लागते ती एबीएससारख्या प्लास्टिकला. त्याला बेड शंभर अंशांच्या आसपास तापलेला हवा असतो, आणि गार हवेचा झोत लागला की ते आकसून कोपरे उचलतं. त्याच्या वाफांचीही सोय करावी लागते. आपल्या चिठ्ठीतल्या वस्तूंना पीएलए आणि उन्हात राहणाऱ्यांना पीईटीजी पुरेसं आहे. उलट पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद पेटीत पीएलए छापलं तर आतली हवा तापते, नोझलची उष्णता वर चढते आणि फिलामेंट वितळण्याच्या जागेआधीच मऊ होऊन फुगतं. मग नळी तुंबते. पेटीवाल्या यंत्राचं झाकण आणि दार उन्हाळ्यात उघडं ठेवावं लागतं, ते यामुळेच. भुसार बाजारातली धूळ हा पेटीच्या बाजूने खरा मुद्दा होता, कारण फिलामेंटवर बसलेली धूळ ०.४ मिलिमीटरच्या छिद्रात जाऊन अडकते. पण प्रिंटर गाळ्याऐवजी घरी ठेवायचा आणि काम नसताना त्यावर कापड टाकायचं, इतक्यावर ते भागलं.

वाचलेले पैसे कुठे घालावेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही : स्वयंचलित लेव्हलिंगमध्ये. पहिला थर साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि तापलेल्या बेडला तेवढा खोलगटपणा सहज असू शकतो. चार कोपऱ्यांचे स्क्रू आणि कागदाचा तुकडा वापरून बेडचा कल काढता येतो, मधला खड्डा निघत नाही. सेन्सर बेडवर ठिकठिकाणी, समजा सोळा जागी, टेकून उंची मोजतो. त्या नकाशानुसार यंत्र सुरुवातीचे थर छापताना नोझल किंचित वर-खाली करत राहतं.

एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. सेन्सरचं टोक आणि नोझलचं टोक यांतलं अंतर, म्हणजे झेड ऑफसेट, चुकलं तर नकाशा बरोबर असूनही सगळा थर बिघडतो. काही यंत्रं नोझलच बेडला टेकवून हे अंतर स्वतः काढतात. थोडे पैसे जास्त पडले तरी तसं यंत्र घ्यावं. मात्र नोझलला वितळलेल्या प्लास्टिकचा थेंब चिकटला असेल तर तेही फसतं. बिघाड ओळखायला एका थराचा मोठा चौकोन छापावा. सगळीकडे रेघा सुट्या पडल्या तर नोझल उंच आहे. सगळीकडे प्लास्टिक पारदर्शक होईपर्यंत घासलं गेलं तर ते खाली आहे. दोन्ही वेळी दोष ऑफसेटचा. एकाच कोपऱ्यात गडबड असेल तर बेडचे स्क्रू ढिले आहेत का पाहावं, किंवा तिथे हाताचं तेल लागलं असेल.

उरला प्रश्न मदतीचा. २००५ मध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पाने प्रिंटरचे आराखडे सर्वांना खुले केले. आजची बरीच स्वस्त यंत्रं त्याच वंशातली. २०१८ च्या एंडर ३ चे दोष आणि उपाय इतक्या लोकांनी लिहून ठेवलेत की नवख्याचा प्रश्न बहुधा आधीच कुणीतरी विचारलेला असतो. खरेदीआधी एक चाचणी करावी : मॉडेलचं नाव आणि “नोझल तुंबलं” एवढंच शोधून किती जणांची उत्तरं मिळतात ते बघावं. मग विक्रेत्याला विचारावं की थर्मिस्टर, नोझल आणि बेडची चुंबकी प्लेट आठवड्याभरात मिळेल का. पंखा किंवा वायर तपकीर गल्लीत शोधता येते, पण ठरावीक मापाचं हॉटएंड तिथे मिळेलच असं नाही.

आमच्या व्यापाऱ्यांनी शेवटी २२० च्या बेडचं, उघडं, ऑफसेट स्वतः काढणारं यंत्र घेतलं आणि उरलेल्या पैशांत दोन किलो पीईटीजी व एक जादा नोझल. पावसाळ्यात ते पीईटीजी ओल धरून तारा सोडू लागलं की काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.