पूर्ण दिसणारे अर्धवट उत्तर

एखाद्या ग्रंथालयाची जुनी नोंदवही टाइप करून घेतली आहे असे समजा. त्यात साठ पुस्तकांच्या नोंदी आहेत, पण कुठे लेखकाचे नाव आधी, कुठे किंमत मध्येच, असा सगळा घोळ. हा मजकूर भाषा-मॉडेलला देऊन सांगितले, की क्रमांक, पुस्तक, लेखक, वर्ष आणि किंमत अशा ओळी करून दे. थोड्याच वेळात ओळी तयार होतात. शेवटची ओळ अशी:

```
४६, शब्दकोश (संच), संपादक मंडळ, १९९८, १२५
```

ओळीत काही चुकलेले दिसत नाही. पाचही रकाने भरलेले आहेत आणि किंमतही पटण्यासारखी आहे. पण नोंदवहीत या संचाची किंमत १२५० आहे. शेवटचे शून्य लिहिण्याआधीच उत्तर तोडले गेले आणि पुढची चौदा पुस्तके यादीत आलीच नाहीत. वाक्य मधेच तुटले तर ते कुणाच्याही लक्षात येते. नीट पूर्ण झाल्यासारखे दिसणारे अर्धवट उत्तर मात्र तसेच पुढे जाते, म्हणून त्याची भीती जास्त.

असे का होते? मॉडेल मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत लिहिते. टोकन म्हणजे कधी अख्खा शब्द, कधी त्याचा भाग, कधी एखादेच अक्षर. काही मॉडेल्समध्ये मोठा आकडा जास्तीत जास्त तीन अंकांच्या तुकड्यांत मोडतो. म्हणून १२५ एका टोकनमध्ये आणि शून्य पुढच्या टोकनमध्ये जाऊ शकते. एका उत्तरात किती टोकन लिहायची याची कमाल मर्यादा प्रोग्राम लिहिणाऱ्याने किंवा सेवा देणाऱ्या कंपनीने ठरवलेली असते. ती भरली की लेखन त्याच टोकनवर थांबते. वाक्य संपले की नाही, आकडा पूर्ण झाला की नाही, हे कुणी पाहत नाही.

आपल्या उदाहरणात मर्यादा ४०९६ टोकनची होती आणि एका नोंदीला सरासरी ८९ टोकन लागत होती असे धरू. साठ नोंदींना ५३४० टोकन हवीत. ४०९६ मध्ये जेमतेम सेहेचाळीस नोंदी बसतात. म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी साधा गुणाकार केला असता, तरी हे उत्तर तुटणार हे कळले असते.

मराठीत हा गुणाकार विशेष जपून करावा लागतो, कारण त्याच मजकुराला मराठीत सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ हे मॉडेल आणले, तेव्हा नव्या तुकडेपद्धतीचा फरक दाखवण्यासाठी एकच नमुना-मजकूर वेगवेगळ्या भाषांत दिला होता. मराठीत त्याला जुन्या पद्धतीने ९६ टोकन लागत होती, नव्याने ३३. इंग्रजीत हेच आकडे २७ आणि २४ होते. फरक खूप कमी झाला, पण मिटला नाही. शिवाय प्रत्येक मॉडेलची तुकडेपद्धत वेगळी असते. त्यामुळे इंग्रजी मजकुरावर बेतलेली मर्यादा मराठीला अपुरी पडू शकते. आपल्याच मजकुराचा नमुना देऊन टोकन मोजून घेणे हाच खात्रीचा मार्ग.

आता ओळखायचे कसे? मॉडेलला प्रोग्राममधून प्रश्न पाठवला, तर उत्तराबरोबर ते का थांबले याचे कारणही येते. अँथ्रॉपिकच्या सेवेत `stop_reason` या जागी `end_turn` आले, तर मॉडेलने आपणहून लेखन संपवले. `max_tokens` आले, तर मर्यादेने तोडले. ओपनएआयच्या चॅट सेवेत `finish_reason` पाहायचे: `stop` म्हणजे आपणहून, `length` म्हणजे तोडलेले. गूगलच्या जेमिनीत `MAX_TOKENS` असे येते. तुटलेले उत्तर ही तांत्रिक बिघाडाची नोंद म्हणून येत नाही. विनंती यशस्वी झाल्याचा २०० हा सांकेतिक क्रमांकच मिळतो. म्हणून फक्त बिघाड पकडणारा प्रोग्राम इथे गाफील राहतो. मजकुराला हात लावण्यापूर्वी कारण तपासले पाहिजे:

```python
if r.stop_reason == "max_tokens":
    rows = rows[:-1]
    incomplete = True
```

दुसऱ्या ओळीत शेवटची नोंद टाकून दिली आहे. ती कितीही पूर्ण दिसली तरी टाकायचीच, कारण १२५ आणि १२५० यांतला फरक नुसत्या ओळीकडे पाहून कळत नाही. पंचेचाळीस नोंदी ठेवायच्या आणि सेहेचाळिसावीपासून पुन्हा मागायचे. त्याहून बरे म्हणजे काम आधीच वीस-वीस नोंदींच्या गटांत वाटायचे. एका गटाला सुमारे १७८० टोकन लागतील, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. प्रत्येक गट आला की क्रमांक जुळवायचे. ही मोजणी आणखी एका कारणासाठी हवी: कधी कधी मॉडेल चार नोंदी गाळून आपणहून थांबते. तिथे थांबण्याचे कारण निर्दोष असते, फक्त नोंदी कमी भरतात.

तक्त्याऐवजी लेख किंवा भाषांतर असेल तर गटांत वाटणे नेहमी जमत नाही. तिथे झालेला भाग मॉडेलला परत देऊन पुढचे लिहायला सांगतात. अडचण सांध्यावर येते. मॉडेल शेवटचे वाक्य पुन्हा लिहिते, किंवा तुटलेला शब्द तसाच सोडून नवा परिच्छेद सुरू करते. म्हणून आधी शेवटच्या पूर्ण वाक्यापर्यंत मागे यायचे, उरलेला तुकडा पुसायचा आणि मगच पुढचे मागायचे. जोडलेला मजकूर सांध्याच्या आसपास माणसाने वाचलाच पाहिजे.

मर्यादा वाढवणे हा सर्वांत सोपा उपाय, पण तो प्रत्येक वेळी लागू पडत नाही. मॉडेल एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत अडकले असेल, तरीही मर्यादा भरते आणि कारण तेच दिसते. तिथे मर्यादा वाढवली तर तेच वाक्य आणखी शंभरदा मिळेल. म्हणून आधी उत्तराचा शेवट वाचावा. दुसरे असे, की उत्तरापूर्वी विचार करणाऱ्या मॉडेल्समध्ये तो विचारही सहसा याच मर्यादेत मोजला जातो. विचारातच सारी टोकन संपली, तर उत्तर चक्क रिकामे येते. तिथे मर्यादा वाढवणे किंवा विचाराला कमी जागा देणे हाच इलाज.

मोबाइलवर किंवा संकेतस्थळावर गप्पांच्या चौकटीत मॉडेल वापरणाऱ्याला थांबण्याचे कारण बहुधा दिसत नाही. त्याने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यायला सांगावे, आणि सगळे संपल्यावर शेवटच्या ओळीत ‘समाप्त’ लिहायला सांगावे. ‘समाप्त’ आले नाही तर उत्तर पूर्ण झाले असे धरू नये. ते आले तरी मधले काही गळले नाही याची हमी मिळत नाही, त्यासाठी क्रमांक मोजावेच लागतात. नोंदवहीत साठ पुस्तके असतील, तर साठ मोजून झाल्याशिवाय ती यादी कुणाच्याही हाती देऊ नका.