गाडी कोणाच्या नावावर?



माझा पेशा डॉक्टरचा, वकिलीशी संबंध नाही. पण निवृत्तीनंतर मनुरेवातल्या एका लहान गटाचे कागद सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यातून जे शिकलो ते येथे लिहितो. आपल्यापैकी काही जण असा गट चालवतात, काही चालू करण्याच्या विचारात आहेत, म्हणून.

आमचा गट साधाच होता. ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा वृद्धांना मिडलमोर रुग्णालयात नेणे-आणणे आणि अडचणीतल्या घरांना महिन्याचे वाणसामान पोचवणे, एवढेच काम. वर्गणीतून एक जुनी व्हॅन घेतली. ती एका काकांच्या नावावर केली आणि पैसेही त्यांच्याच बँक खात्यात ठेवले. माणूस इतका सचोटीचा की कोणाला शंकाच नव्हती. मग एके दिवशी काका अचानक गेले. बँकेने खाते थांबवले. व्हॅन कागदोपत्री त्यांच्या मिळकतीत धरली गेली. त्यांच्या मुलांनी काहीच अडवले नाही, पण वकिलाला पुरावा हवा होता आणि आमच्याकडे होती एक वही. आठ महिने व्हॅन अंगणात उभी होती आणि डायलिसिसच्या दोन रुग्णांना आम्ही टॅक्सीने पाठवत होतो.

त्यानंतर आम्ही रीतसर ट्रस्ट केला.

पहिली पायरी विश्वस्तपत्राची, म्हणजे ट्रस्ट डीडची. त्यात उद्देश नेमका लिहावा लागतो. २००५ च्या चॅरिटीज कायद्यात धर्मादाय उद्देशाचे चार प्रकार आहेत: गरिबी निवारण, शिक्षणाचा प्रसार, धर्माचा प्रसार, आणि समाजाच्या हिताचे इतर काम. आमचा पहिला मसुदा ‘आपल्या सभासदांचे स्नेहमिलन व सण’ असा होता. तो आम्हीच मागे घेतला, कारण फक्त आपल्याच सभासदांनी एकत्र जमावे हा उद्देश धर्मादाय ठरत नाही. लाभ जनतेला, किंवा तिच्यातल्या पुरेशा मोठ्या भागाला व्हावा लागतो. शिवाय कोणालाही खासगी नफा मिळणार नाही आणि ट्रस्ट बंद झाल्यास उरलेली मालमत्ता धर्मादाय कामालाच जाईल, ही दोन कलमे हवीतच.

याच कागदात निर्णय कसा घ्यायचा तेही लिहून टाका. २०१९ चा ट्रस्ट कायदा ३० जानेवारी २०२१ पासून लागू आहे, आणि विश्वस्तपत्रात वेगळे काही लिहिले नसेल तर त्यानुसार विश्वस्तांनी एकमतानेच निर्णय घ्यायचे असतात. पाचांपैकी एक जण सहा महिने पुण्याला गेला की काम अडते. आम्ही बहुमताचे आणि गणसंख्येचे कलम घातले.

दुसरी पायरी नोंदणीची, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण खिडक्या दोन आहेत. पहिली कंपनीज ऑफिसची. १९५७ च्या चॅरिटेबल ट्रस्ट कायद्याखाली तिथे विश्वस्तांचे ‘बोर्ड’ नोंदले जाते आणि त्या बोर्डाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व मिळते. दुसरी खिडकी चॅरिटीज सर्व्हिसेसची, जी अंतर्गत व्यवहार खात्यात आहे. तिथे ‘धर्मादाय संस्था’ म्हणून नोंद होते, सीसी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि आयकर सवलतीचा मार्ग खुला होतो. एका खिडकीवर नोंद झाली म्हणून दुसरीवर आपोआप होत नाही.

पहिली खिडकी टाळली तरी चालते, पण मग मालमत्ता विश्वस्तांच्या व्यक्तिगत नावांवर राहते. जमिनीचे उदाहरण घ्या. न्यूझीलंडच्या जमीन नोंदवहीत ‘अमुक ट्रस्टसाठी’ असे लिहीत नाहीत. तिथे फक्त माणसांची नावे दिसतात. एक विश्वस्त वारला, एकाने राजीनामा दिला, की प्रत्येक वेळी मालकीपत्र बदलून घ्यायचे. ते राहून गेले, तर वीस वर्षांनी सभागृहाच्या कागदावर तीन दिवंगत आणि एक सिडनीला गेलेला, अशी स्थिती होते. बोर्डाच्या नावावर असेल तर माणसे बदलली तरी नाव तेच राहते. आमची व्हॅन आता बोर्डाच्या नावावर आहे आणि बँक खातेही. खात्यावर दोन विश्वस्तांची मंजुरी लागते.

महाराष्ट्रात ट्रस्ट पाहिलेल्यांना एक फरक मुद्दाम सांगतो. तिकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. इथे अशी सरसकट पूर्वपरवानगी नाही. त्यामुळे सोपे वाटते, पण राखणदार वर कोणी नाही, विश्वस्तच आहेत. विकायचे असेल तर विश्वस्तपत्रात तसा अधिकार आहे का हे आधी वाचा, स्वतंत्र मूल्यांकन घ्या आणि ठराव इतिवृत्तात लिहा. व्हॅनची दुरुस्ती एका विश्वस्ताच्या मेहुण्याच्या गॅरेजमध्ये करायची वेळ आली तेव्हा त्या विश्वस्ताने नाते सांगितले, तो खोलीबाहेर बसला, आम्ही आणखी दोन दर मागवले आणि हे सारे इतिवृत्तात नोंदवले. मेहुण्याचा दर सर्वांत कमी निघाला, पण नोंद नसती तर ते कोणी मानले असते?

आता हिशेब. वर्षाचा खर्च १,४०,००० डॉलरच्या आत असलेल्या लहान संस्थांना सर्वांत सोपा नमुना, म्हणजे टिअर ४, वापरता येतो. त्यात रोख जमा, रोख खर्च, हाती काय आहे, आणि वर्षभरात काय काम केले, एवढेच असते. हा अहवाल आणि वार्षिक विवरण वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत भरायचे. सतत चुकले तर नोंदणी रद्द होऊ शकते. विश्वस्त बदलला तर तीन महिन्यांत कळवायचे.

आमच्या पहिल्या वर्षाचे आकडे देतो. सुरुवातीची शिल्लक ३,१५० डॉलर, देणग्या १४,६००, खाऊच्या स्टॉलची विक्री २,८५०. एकूण २०,६००. खर्च १६,७००. म्हणजे बँकेत ३,९०० हवे होते, पण होते ३,४८०. वॉर्डात रुग्णाच्या शरीरात किती गेले आणि किती बाहेर आले याचा तक्ता जुळला नाही की आम्ही आधी नोंदच तपासायचो. इथेही तेच केले. स्टॉलवर आलेल्या रोखीतूनच कोणी तरी गॅस सिलिंडर आणि भाजी मिळून ४२० डॉलर चुकते केले होते. विक्री पूर्ण लिहिली गेली, हा खर्च लिहिलाच नव्हता. पावत्या एका ताईंच्या पिशवीत सापडल्या. तेव्हापासून नियम असा की रोकड दोघांनी मोजायची, ती सगळीच्या सगळी बँकेत जायची, आणि खर्च फक्त खात्यातून व्हायचा.

देणगीदारांसाठी एक गोष्ट. देणगी-सवलतीला पात्र संस्थेला पाच डॉलर किंवा अधिक दिले आणि पावती असली, तर देणगीचा एक तृतीयांश भाग आयकर खात्याकडून परत मागता येतो. पण जमा निधी मुख्यतः न्यूझीलंडमध्येच खर्च व्हावा लागतो. गावाकडच्या शाळेला पैसे पाठवायचे असतील तर ते या ट्रस्टमधून पाठवण्याआधी हिशेबनीसाला विचारा.

प्रत्येक विश्वस्ताकडे विश्वस्तपत्राची प्रत असलीच पाहिजे, हे कायदाच सांगतो. आमच्या पाचांपैकी दोघांना ती कुठे ठेवली हे आठवत नव्हते. आता माझ्याकडे एक निळी फाइल आहे: विश्वस्तपत्र, इतिवृत्ते, मालमत्तेची यादी, व्हॅनचा विमा. माझ्या घरी ती कुठल्या कपाटात आहे हे आणखी दोघांना दाखवून ठेवले आहे.