रक्तवाढीसाठी गूळ, बीट की भाकरी?

रक्त कमी आहे असे कळले की घरची वडीलधारी मंडळी गूळ, बीट आणि खजूर सुचवतात. या समजुतीत कितपत तथ्य आहे ते या अंकात आम्ही हिशेबानेच पाहू.

समजा, एका गरोदर भगिनीचे हिमोग्लोबिन 9.5 भरले. गरोदरपणी ते निदान 11 हवे. ती रोज सुपारीएवढा गूळ, अर्धे बीट आणि चार खजूर खाते. गुळातून तिला साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह मिळते, बिटातून त्याहूनही कमी आणि खजुरांतून फार तर एक-दीड. सगळे मिळून दोन-अडीच मिलिग्रॅम; गरज मात्र रोज सुमारे 27 मिलिग्रॅमची. बिटाचा लाल रंग हा त्या कंदाचा स्वतःचा रंग आहे, त्याचा रक्ताशी संबंध नाही.

या तिन्हींपेक्षा आपली बाजरी सरस आहे. दोन भाकऱ्यांच्या पिठात सहा-सात मिलिग्रॅम लोह असते. पण धान्यातील लोह शरीर थोडेच शोषून घेते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेही घटते. म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. भाकरीबरोबर लिंबू, पेरू किंवा आवळा असावा. त्यातील क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. थोडे मटण किंवा मासळी असल्यासही तसाच लाभ होतो.

शेतकरी बांधवांसाठी एक गोष्ट. ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचे बाजरीचे वाण महाराष्ट्रात 2012 साली आले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील शाळकरी मुलांना सहा महिने या बाजरीची भाकरी देऊन पाहिली. ज्यांच्या अंगात लोहाचा साठा कमी होता, त्यांचा साठा साध्या बाजरीपेक्षा लवकर भरून आला. मात्र यास महिने लागतात, आणि गरोदर स्त्रीपाशी तेवढा वेळ नसतो.

म्हणून तिच्यासाठी औषध म्हणजे आरोग्य केंद्रातील लोहाची गोळी. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. रक्त कमी असल्यास बहुधा दिवसाला दोन गोळ्या देतात. किती घ्यायच्या ते तपासणाऱ्यांनी ठरवावे. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर किंवा रात्री निजताना घ्यावी, पण चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचास काळे झाले तर घाबरू नये. ते लोहामुळे होते.

महिन्याने रक्त पुन्हा तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढले तर उपचार लागू पडला असे समजावे. गोळ्या नियमित घेऊनही वाढले नाही, तर कारण दुसरे असू शकते: जंत, बी-12 ची उणीव किंवा थॅलेसेमियासारखा जन्मजात दोष. अशा वेळी गुळाचा खडा वाढवत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर महिनाभर न थांबता त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्यावे.