पहिल्या फोनमधले तीन आकडे

पुण्यात हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात नोकरी करणाऱ्यांना हा फोन चांगला ओळखीचा आहे. पलीकडची व्यक्ती एखाद्या कन्सल्टन्सीचं किंवा कंपनीचं नाव सांगते, नोकरी बदलायचा विचार आहे का विचारते आणि दोन मिनिटांत तीन प्रश्नांवर येते. सध्याचा सीटीसी किती? अपेक्षा किती? नोटीस पीरियड किती? ऐकणारा ऑफिसच्या जिन्यात उभा असतो, मागे कोणी येत नाही ना हे बघत घाईघाईत तीन आकडे सांगतो आणि फोन ठेवतो. मुलाखत अजून व्हायची असते. पगाराची बोलणी मात्र तिथेच सुरू झालेली असतात.

कारण हे आकडे हवेत विरत नाहीत. रिक्रूटरसमोर एक एक्सेल शीट उघडी असते. तिच्यात उमेदवाराचं नाव, एकूण अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पीरियड, नोकरी बदलण्याचं कारण असे रकाने असतात. ही ओळ भरली की ती कंपनीच्या एचआरकडे जाते. ज्याची अपेक्षा बजेटबाहेर आहे किंवा ज्याला यायला तीन महिने लागणार आहेत, त्याचा बायोडेटा अनेकदा उघडलाही जात नाही. आणि जो निवडला जातो, त्याची ऑफर ठरवताना दीड-दोन महिन्यांनीसुद्धा याच ओळीतला आकडा पुढे येतो: ‘सध्या दहा आहे, वीस टक्के वाढ देऊ, बारा झाले.’

पलीकडे कोण बोलतंय, हेही समजून घ्यायला हवं. बाहेरच्या कन्सल्टन्सीला उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून कमिशन मिळतं. वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा त्यातला प्रचलित दर आहे. उमेदवाराचा पगार कमी ठेवण्यात अशा कन्सल्टन्सीचा फायदा नसतो. मात्र तो वाढवून घेण्यासाठी भांडण्यापेक्षा उमेदवार लवकर रुजू होणं तिला जास्त मोलाचं वाटतं. कंपनीच्या स्वतःच्या एचआरला बजेट सांभाळायचं असतं. दोघांनाही रिकामा रकाना चालत नाही. त्यामुळे ‘पगार सांगणार नाही’ असं ताठ उत्तर दिलं, तर भारतात बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

अमेरिकेतल्या काही राज्यांत चित्र निराळं आहे. मॅसॅच्युसेट्सने 2016 मध्ये कायदा करून मालकांना उमेदवाराचा आधीचा पगार विचारायला बंदी घातली. कॅलिफोर्नियात अशीच बंदी 1 जानेवारी 2018 पासून लागू आहे आणि 2023 पासून पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत पगाराची मर्यादाही छापावी लागते. तिथल्या मराठी इंजिनिअरला फक्त अपेक्षेबद्दल उत्तर द्यावं लागतं. भारतात असा कायदा नाही, म्हणून इथे खरं उत्तर पूर्ण आणि नीट मांडणं हाच व्यवहार्य मार्ग आहे.

खोटा आकडा सांगण्याचा मोह अनेकांना होतो. पण ऑफर देण्याआधी शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिपा, फॉर्म 16 आणि पगार जमा होत असलेल्या खात्याचं स्टेटमेंट मागवलं जातं. पीएफच्या पासबुकात दर महिन्याचा भरणा दिसतो आणि त्यावरून बेसिकचा अंदाज बांधता येतो. यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत नोकरी कधी धरली, कधी सोडली याच्या तारखा असतात. फोनवर नऊचे अकरा केले, तर पेस्लिप त्याला साथ देत नाही. मग ऑफर मागे घेतली जाते आणि रुजू झाल्यावर उघडकीला आलं तर नोकरीही जाते.

आता एक नमुना पाहू. पाच वर्षं अनुभव असलेली एक टेस्ट इंजिनिअर आहे आणि तिचा सीटीसी दहा लाख आहे असं समजू. या दहा लाखांत एक लाख व्हेरिएबल आहे, जे कंपनीच्या आणि तिच्या कामगिरीवर अवलंबून असतं. बेसिक पाच लाख. त्यावर कंपनीचा बारा टक्के पीएफ साठ हजार. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे चोवीस हजार. ही रक्कम साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी केल्याशिवाय हाती येत नाही. विम्याचा हप्ता सोळा हजार. हे सगळं वजा केलं की वर्षाला आठ लाख, म्हणजे महिन्याला 66,667 रुपये उरतात. तिच्या वाट्याचा पीएफ पाच हजार आणि व्यवसाय कर दोनशे कापून साडेएकसष्ट हजारांच्या आसपास रक्कम खात्यात जमा होते. 2025-26 च्या नव्या करपद्धतीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही.

फोनवर ती म्हणाली, ‘दहा आहे, वीस-पंचवीस टक्के वाढ मिळाली तर बघेन.’ कंपनीने तिला बारा लाखांची ऑफर दिली. वाढ बरोबर वीस टक्के. पण या बारा लाखांत व्हेरिएबल दोन लाख चाळीस हजार निघालं. बेसिक सहा लाख धरून पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा वजा केला की हातात महिन्याला चौसष्ट हजारांच्या आसपास येतात. म्हणजे दरमहा वाढ झाली जेमतेम अडीच हजारांची. त्याच बारा लाखांत व्हेरिएबल दहा टक्के असतं, तर तिला चौऱ्याहत्तर हजार मिळाले असते. महिन्याचा हा दहा हजारांचा फरक पहिल्या फोनवर ‘फिक्स्ड’ हा शब्द न उच्चारल्यामुळे पडला.

म्हणून सध्याच्या पगाराचं उत्तर असं द्यायला हवं: ‘फिक्स्ड नऊ लाख, व्हेरिएबल एक लाख. एप्रिलची पगारवाढ लागू झाली आहे, तिचं पत्र पुढच्या महिन्यात येईल.’ पगारवाढ खरोखर ठरली असेल तरच ती सांगावी, कारण पुढे पत्र मागितलं जातं. ज्याला फ्रेशर म्हणून लागल्यापासून साडेतीन-चार लाखांवरून फारशी वाढ मिळालेली नाही, त्याने आकडा लपवू नये. पण त्याच वाक्यात पुढची गोष्ट सांगावी: ‘माझा पगार कामाच्या मानाने मागे राहिला आहे, तो दुरुस्त करणं हेच नोकरी बदलण्याचं कारण आहे. त्यामुळे टक्क्यांवर बोलण्यापेक्षा या पदाच्या बजेटवर बोलू.’ रिक्रूटरलाही एचआरपुढे ठेवायला एक कारण मिळतं.

अपेक्षेच्या प्रश्नावर आधी उलटा प्रश्न विचारणं फायद्याचं ठरतं. ‘या पदासाठी बजेट किती आहे?’ असं साध्या सुरात विचारलं, तर बरेच रिक्रूटर सांगतात, कारण न जुळणाऱ्या उमेदवारावर वेळ घालवणं त्यांनाही परवडत नाही. बजेट दहा असेल तर दोघांचाही वेळ वाचला. चौदा असेल, तर बारा म्हणायला निघालेली व्यक्ती वेळीच सावरते.

बजेट कळलंच नाही, तर आकडा द्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी चौकशी झालेली असायला हवी. त्याच कामातले दोन-तीन माजी सहकारी आणि त्याच अनुभवासाठीच्या नोकरी डॉट कॉमवरच्या जाहिराती एवढ्यावरून बाजारभाव समजतो. ‘अकरा ते चौदा’ अशी श्रेणी सांगितली, तर ऐकणारा अकराच लिहून घेतो. श्रेणी द्यायचीच असेल, तर तिचं खालचं टोक असं असावं की त्यावर आनंदाने रुजू होता येईल. वरच्या इंजिनिअरने म्हणावं: ‘फिक्स्ड बारा लाखांची अपेक्षा आहे. काम आणि व्हेरिएबलचा वाटा कळल्यावर अंतिम बोलू.’ या दुसऱ्या वाक्यामुळे पुढच्या बोलणीचा दरवाजा उघडा राहतो. ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ हे नम्र वाटणारं उत्तर मात्र सगळा निर्णय समोरच्याच्या हाती सोपवतं.

नोटीस पीरियडमध्ये सर्वाधिक ऑफर अडकतात. आयटी सेवा कंपन्यांत नव्वद दिवसांचा करार सर्रास आढळतो. भरती करणाऱ्याला मात्र माणूस तीस दिवसांत हवा असतो. या दबावाखाली उमेदवार म्हणतो, ‘तीस दिवसांत जमवतो.’ ऑफर लेटरवर तशी तारीख छापून येते. राजीनामा दिल्यावर मॅनेजर सांगतो की प्रोजेक्ट सोडता येणार नाही. तारीख उलटली की नवी कंपनी दुसऱ्याला घेते. न सांगता निघून गेलं तर रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, आणि त्याशिवाय बऱ्याच कंपन्या रुजू करून घेत नाहीत.

यावर उपाय म्हणजे फोन येण्याआधी नेमणूक पत्रातलं नोटीसचं कलम वाचणं. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका करून घेण्याची, म्हणजे बायआउटची सोय त्यात आहे का? ती कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून दिली आहे की व्यवस्थापनाच्या मर्जीवर ठेवली आहे? भरपाई बेसिकवर मोजतात की पूर्ण पगारावर? आपल्या नमुन्यातल्या इंजिनिअरला तीस दिवसांसाठी बेसिकवर सुमारे एकेचाळीस हजार सातशे भरावे लागतील, पूर्ण पगारावर साडेसहासष्ट हजारांहून अधिक. नवी कंपनी ही रक्कम देत असेल, तर ती सहसा रुजू झाल्यावर देते, तिच्यावर कर लागतो आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत मागते. पैसे आधी आपल्याच खिशातून जातात, हे लक्षात ठेवावं.

मग उत्तर असं होतं: ‘करार नव्वद दिवसांचा आहे. आमच्या टीममधले दोघं साठ दिवसांत सुटले आहेत, पण माझ्याबाबत लेखी होकार राजीनाम्यानंतरच मिळेल. तुम्ही बायआउट देत असाल तर मी तशी विनंती करेन.’ यात करार, अनुभव आणि अट तिन्ही वेगळ्या आहेत आणि खोटं वचन एकही नाही. राजीनामा आधीच दिला असेल, तर दिवस मोजत बसण्यापेक्षा शेवटच्या दिवसाची तारीख सांगावी. असा उमेदवार लवकर मिळतो, म्हणून त्याला मागणी असते. राजीनामा स्वीकारल्याची मेल दाखवायची तयारी मात्र ठेवावी. तोंडी ऑफरवर राजीनामा देण्याची चूक कोणीही करू नये.

फोन संपल्यावर एक छोटी मेल पाठवावी: फिक्स्ड इतका, व्हेरिएबल इतका, अपेक्षा फिक्स्ड इतकी, करार इतक्या दिवसांचा. बरेच रिक्रूटर शीट भरताना तीच उतरवून घेतात आणि पुढे आकड्यांवरून वाद झाला तर लेखी पुरावा हाताशी असतो. फोन ऑफिसच्या वेळेत आला, तर ‘कामाचं वर्णन पाठवा, सात वाजता बोलू’ असं सांगायला काहीच हरकत नाही. तोवर पेस्लिप आणि नेमणूक पत्र समोर काढून ठेवा, आणि हे चार आकडे कागदावर लिहूनच तो फोन घ्या.