न सापडलेल्या शब्दाची नोंद

जुन्या मराठी नियतकालिकांची शोधसूची मी गेली काही वर्षे एका सर्व्हरवर चालवतो. एका अभ्यासक स्नेह्यांनी मला सांगितले, ‘तुमच्या सूचीत हा शब्द नाही, असे मी लेखात लिहून टाकले.’ शब्द सूचीत होता. मी शोधला तेव्हा तो लगेच सापडला. म्हणजे शोध मधूनच बिघडत होता आणि वर ‘काही सापडले नाही’ असे उत्तर देत होता. बिघाड आणि अभाव यांना मी एकच वाक्य दिले होते, ही चूक माझी.

सर्व्हरच्या नोंदवहीत ‘अमुक शब्दाचा शोध फसला’ अशी मोघम वाक्ये होती. प्रत्येकात शब्द निराळा, म्हणून प्रत्येक बिघाड निराळा वाटे. मग मी चुकांचा माग ठेवणारी व्यवस्था बसवली. ती वाक्यावरून नव्हे, तर प्रोग्राम कोणत्या ओळीवर अडला त्यावरून चुका एकत्र करते. तीन आठवड्यांत अकरा बिघाड झाले आणि ते सगळे एकाच ओळीवरचे निघाले. कुठे ते कळले, का ते कळेना.

त्यासाठी नोंदीचे वाक्य मोडून तिचे रकाने केले. वाचकाचे नाव मुद्दाम ठेवले नाही. महत्त्वाचे म्हणजे, यशस्वी शोधांचीही तशीच नोंद ठेवली, कारण तुलनेला दुसरी बाजू लागतेच.

```
{"request_id":"a71f","conn":1,"idle_s":42,"status":200}
{"request_id":"a720","conn":3,"idle_s":31240,"status":500,"error":2006}
```

`conn` म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांपैकी कितवी, आणि `idle_s` म्हणजे ती किती सेकंद पडून होती. अकराही बिघाडांत हा आकडा २८,८०० च्या वर होता, यशस्वी शोधांत एकदाही नाही. २८,८०० सेकंद म्हणजे आठ तास. मायएसक्यूएल एवढा वेळ स्वस्थ राहिलेली जोडणी आपणहून तोडतो. `wait_timeout` ची मूळ मर्यादा तीच. माझा प्रोग्राम नुकतीच वापरलेली जोडणी आधी देई. दोन-तीन वाचक एकाच क्षणी आले, तरच मागे पडून राहिलेली, मेलेली जोडणी कुणाच्या तरी वाट्याला येई. पुन्हा शोधणाऱ्याला बहुधा जिवंत जोडणी मिळे, म्हणून तक्रार कुणी करत नसे.

तरीही आकडे जुळले म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. चाचणीच्या सर्व्हरवर ती मर्यादा ६० सेकंदांवर आणली, दोन मिनिटे थांबलो आणि एकदम तीन शोध दिले. `2006` हीच चूक हवी तेव्हा उमटू लागली. आता तासाभराहून जुनी जोडणी देण्याआधी प्रोग्राम ती बंद करून नवी उघडतो. आणि शोध फसला, तर पडद्यावर ‘शोध पूर्ण झाला नाही’ असे येते, सोबत `request_id`.

स्नेह्यांचा लेख मात्र छापून गेला होता. त्यांची दुरुस्ती पुढल्या अंकात आली.