गुळाच्या पाकिटावर काय वाचावे

गुळाच्या विक्रीच्या वर्णनात साधारण चार गोष्टी सांगितलेल्या असतात: रंग, करण्याची पद्धत, ‘रसायनमुक्त’ हा शब्द आणि ढेप की पावडर. ग्राहक बहुधा रंगावरून निवड करतो आणि तिथेच फसतो. रंग हा परिणाम आहे. तो कशाने आला हे गुऱ्हाळातल्या कामावरून कळते. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाच्या उदाहरणावरून हे नीट समजते.

उसाचा रस काहिलीत घालून चुलवाणावर तापवला की मळी वर येते. ती फुटून वर यावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. रसाचा आंबटपणा कमी व्हावा म्हणून थोडी चुन्याची निवळी घालतात. ती घातली नाही तर गूळ नीट बसत नाही, जास्त झाली तर तो काळपट होतो. गुळव्या झाऱ्याने मळी काढत राहतो. ती जितकी निगुतीने निघेल तितका गूळ स्वच्छ. पाक साधारण 118 अंश सेल्सिअसला आला की गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात सोडतो. त्याची घट्ट गोळी झाली आणि ती भांड्यावर आपटल्यावर टणक आवाज आला, की काहील उतरवायची. पाक वाफ्यात ओतून, ढवळून, साच्यांत भरला की ढेप तयार होते.

या पद्धतीने केलेला गूळ सोनेरी तपकिरीपासून गडद तपकिरीपर्यंत कोणत्याही छटेचा असू शकतो. उसाची जात, जमिनीतला क्षार, नत्राच्या खताचे प्रमाण, तोडणीनंतर ऊस किती वेळ पडून राहिला, पाक किती तापला, या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. को 92005 सारख्या जातीचा ताजा ऊस आणि काळजीपूर्वक काढलेली मळी यांतून काहीही न मिसळता उजळ गूळ मिळतो. उलट शिळा ऊस किंवा करपलेला पाक यांतून निघालेला गूळही काळाच असतो. त्यामुळे ‘काळा तो शुद्ध’ हा हल्ली रूढ झालेला समज ‘पिवळा तो उत्तम’ या जुन्या समजाइतकाच चुकीचा आहे.

बाजारात फिक्या पिवळ्या गुळाला चढा भाव मिळतो, म्हणून काही ठिकाणी उकळत्या रसात हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात. ते रंगद्रव्यांचा रंग घालवते. हा उजळपणा टिकत नाही. हवा लागून काही आठवड्यांत गूळ पुन्हा काळवंडतो, आणि मागे गंधकाचा अंश उरतो. मात्र दमट हवेत बिनहायड्रोसचा गूळही काळवंडतो, म्हणून घरी पाहून खात्री होत नाही. खरी तपासणी प्रयोगशाळेत सल्फर डायऑक्साइड मोजूनच होते.

आता एक नेहमीचे वर्णन घ्या: ‘कोल्हापुरी, फिका पिवळा, 100 टक्के रसायनमुक्त, सेंद्रिय’. यातला ‘सेंद्रिय’ हा शब्द शेत आणि प्रक्रिया या दोन्हींविषयी आहे. त्यासाठी प्रमाणीकरण लागते आणि पाकिटावर त्याचे अधिकृत चिन्ह दिसायला हवे. ‘रसायनमुक्त’ हा शब्द बहुधा गुऱ्हाळातल्या प्रक्रियेविषयी वापरतात, पण त्याचे वेगळे असे चिन्ह नाही. शिवाय चुना हेही रसायनच, म्हणून ‘100 टक्के’ हे शब्दशः क्वचितच खरे असते. रासायनिक खतावर वाढलेल्या उसाचा गूळ हायड्रोसशिवाय होऊ शकतो, आणि सेंद्रिय म्हणवणारा ऊस अशा गुऱ्हाळात जाऊ शकतो जिथे हायड्रोस वापरतात. प्रामाणिक विक्रेत्याचे वाक्य लांब असते: ‘मळी काढण्यासाठी भेंडी व चुना, हायड्रोस वापरलेले नाही, सल्फर डायऑक्साइडचा तपासणी अहवाल उपलब्ध’. असे वाक्य तपासता येते.

पावडर म्हणजे ढेप कुटून केलेली भुकटी असेलच असे नाही. पाक थोडा जास्त तापवून, घट्ट होत असताना वाफ्यातच घोटून त्याचे कण मोकळे करतात, मग चाळून वाळवतात. ऊस चांगला पिकलेला नसेल तर रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असते. ते हवेतले पाणी ओढते आणि कण सुटे राहत नाहीत. पावडरीत पाणी ढेपेपेक्षा बरेच कमी, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ती जास्त टिकते. उघडी राहिली तर मात्र पावसाळ्यात तिचे गठ्ठे होतात. ढेपेला पावसाळ्यात पाझर सुटतो, तरी बाहेरचा ओला थर खरवडला की आतला गूळ चांगला निघतो. चहाला किंवा मोजून घालायच्या पदार्थाला पावडर सोयीची. पुरणाला ढेप किसून घेतली तरी चालते. चिक्कीला मात्र या दोन्हींपेक्षा वेगळा, ताणला जाणारा ‘चिक्कीचा गूळ’ लागतो, आणि तो त्याच नावाने मागावा.