ज्वारीच्या भाकरीतला गहू

सीलिअ‍ॅकचं निदान झालं की डॉक्टर सांगतात, गहू, बार्ली आणि राय आयुष्यभर बंद. आपल्याकडच्या घरांना हे ऐकून थोडा धीरच येतो, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा यांपैकी कशातच ग्लूटेन नसतं. नऊ वर्षांच्या एका मुलीचं घर डोळ्यांसमोर आणा. पोळी बंद झाली, भाकरी सुरू झाली, बिस्किटं गेली. पोटदुखी कमीही झाली. पण वर्षभराने रक्तातल्या टीटीजी अँटिबॉडी अजून चढलेल्याच, हिमोग्लोबिन वर येत नाही आणि उंचीही हवी तशी वाढत नाही. अशा वेळी ‘औषध लागू पडत नाही’ म्हणण्याआधी भाकरीच्या पिठाकडे बघायला हवं. पथ्य पाळूनही तब्येत सुधारत नाही तेव्हा सर्वांत जास्त वेळा कारण एकच निघतं, नकळत पोटात जाणारं ग्लूटेन.

हे किती कमी प्रमाणात पुरतं, ते समजल्याशिवाय घरच्यांची खटपट इतरांना अतिरेकी वाटत राहते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तर लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला पुन्हा इजा होऊ शकते, असं इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं. अन्नातलं सत्त्व शोषणारे बारीक उंचवटे याच अस्तरावर असतात. ते झिजले की जेवण होऊनही अंगी लागत नाही. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा भाग ग्लूटेन असतं. म्हणजे ५० मिलिग्रॅमसाठी लागतं अर्धा ग्रॅम पीठ.

आता त्या मुलीची ज्वारी. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झालेला, जात्यात आणि कापडी नळीत त्याचं पीठ बसलेलं. आपल्या पिठात शंभरात एक भाग एवढंच ते मिसळलं असं धरू. दिवसभरात ती दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खात असेल, तर त्यात दोन ग्रॅम गहू गेला, म्हणजे २०० मिलिग्रॅम ग्लूटेन. ज्या पिठाला कायद्याने ‘ग्लूटेन फ्री’ म्हणता येतं त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. तेवढ्याच भाकऱ्यांतून मग फार तर चार मिलिग्रॅम जातं. गिरणीवाल्याला ‘आधी तांदूळ दळा’ सांगून गव्हाचं प्रमाण कमी होतं, पण किती उरलं याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून ऐपत असेल तर फक्त या धान्यांसाठी वेगळी घरघंटी घेणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. तिच्यात एकदाही गहू दळायचा नाही. ज्वारी दळण्याआधी निवडायची आणि धुऊन वाळवायची, कारण दुकानातल्या पोत्यातच गव्हाचे दाणे मिसळलेले असतात.

घरात बाकीचे पोळ्या खाणार, हे उघडच आहे. ते थांबवायची गरज नाही, क्रम बदलायचा. आधी भाकरी, मग पोळ्या. उलटं केलं तर लाटताना उडालेली पिठी ओट्यावर, उघड्या भाजीत, सगळीकडे बसते. स्टीलची परात साबणाने घासून स्वच्छ होते. लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी आणि चरे पडलेला नॉनस्टिक तवा मात्र तिच्यासाठी वेगळेच हवेत, त्यांच्या फटींतून पीठ निघत नाही. उष्णतेने ग्लूटेन मरतं हा समज चुकीचा आहे. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात तिचे साबुदाणा वडे तळायचे नाहीत.

फोडणीतला हिंग तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. बाजारातला बहुतेक हिंग म्हणजे अस्सल हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेला बांधणीचा हिंग, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, डबीवरचे घटक वाचून घ्यावा. सुट्या हिंगाला आणि सुट्या मसाल्याला वाचायला काहीच नसतं, म्हणून ते नकोत. भाजणीत आणि मेतकुटात परंपरेने गहू पडतो. सोया सॉस साधारणपणे गहू घालूनच आंबवतात, त्यामुळे गाडीवरचा ‘नुसता फ्राइड राइस’ही तिच्यासाठी गव्हाचाच. माल्ट लिहिलेलं दिसलं की ती बार्ली समजायची. दुधात घालायच्या पुडीत आणि कॉर्नफ्लेक्समध्ये ती हमखास सापडते.

हे सगळं आवरल्यावर सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा तपासायचं. आकडा खाली येऊ लागला तर वाट बरोबर आहे. पोट दुखलं नाही एवढ्यावर विसंबू नये, कित्येकांना ग्लूटेन जाऊनही काही जाणवत नाही.

मुलीच्या सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही हीच तपासणी व्हायला हवी, कारण जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघू शकतो. ती होईपर्यंत त्यांनी पोळी चालूच ठेवायची. गहू आधीच सोडला तर रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येतो.